मुख्याध्यापकांची सही ही पालकांची संमती नव्हे

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करते. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि दोन्ही राज्यांची सरकारं त्यात सहभागी होती. एकट्या खम्मममध्ये सुमारे १४ हजार मुली होत्या आणि त्यातल्या अनेक जणी आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. लस घेतलेल्या काही मुलींचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. ते मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशी समितीला आढळलं नाही, आणि आज ही लस जगभर वापरात आहे. पण कागद उघडले तेव्हा दुसरंच काही समोर आलं. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नोंदवलं की आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या.

म्हणजे या अडीच हजारांहून अधिक मुलींच्या आईबापांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यावरचा बचाव असा की हा प्रकल्प म्हणजे औषधाची चाचणी नव्हे, लसीकरणासारखाच उपक्रम आहे. शाळेत लस देताना मुख्याध्यापक परवानगी देतात, तशीच ही. या बचावातच खरी गफलत आहे, आणि ती खम्ममपुरती नाही. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांमध्ये, निवासी विद्यालयांमध्ये, महापालिकेच्या शाळांमध्ये आजही संशोधक येतात. रक्त तपासतात, वजन-उंची घेतात, प्रश्नावली भरून घेतात, गोळ्या देऊन परिणाम पाहतात. ‘शाळेने परवानगी दिली आहे’ हे वाक्य तिथे अजूनही संमतीच्या जागी वापरलं जातं. आमचं म्हणणं सरळ आहे. शाळेची परवानगी, पालकांची संमती आणि मुलाचा होकार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही लागतात, आणि एकीची जागा दुसरी भरून काढू शकत नाही.

अधीक्षक आणि मुख्याध्यापक मुलांचे पालकच असतात, हा युक्तिवाद भावनेने खरा आहे. रात्री ताप चढला तर तेच मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात, आणि त्यासाठी घरच्यांच्या सहीची वाट पाहू नये हेही बरोबर. पण तापावरचं औषध त्या मुलासाठी असतं. संशोधन मुळात त्या मुलासाठी नसतं. त्यातून मिळणारं उत्तर पुढच्या मुलांना उपयोगी पडणार असतं. या मुलाला कदाचित काहीच मिळणार नसतं. दुसऱ्यांच्या भल्यासाठी या मुलाच्या दंडात सुई टोचायची का, हा प्रश्न मुलाच्या आईबापांचा आणि मुलाचा आहे. त्यात आणखी एक अडचण अशी की आश्रमशाळा ज्याच्या हाताखाली चालतात त्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र घेऊन आलेल्या संशोधकाला मुख्याध्यापक ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नियम पुरेसे स्पष्ट आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची किंवा कायदेशीर पालकाची संमती हवी. धोका अगदी किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर साधारणपणे एका पालकाची चालते. धोका त्याहून जास्त आणि फायदा काहीच नाही, तर दोघांची घ्यावी लागू शकते, आणि ते एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला नैतिक बाजूने मंजुरी देणारी समिती, ठरवते. मुलाकडून घ्यायचा तो होकार. कागदोपत्री त्याला कुठे ‘असेंट’ तर कुठे ‘सहमती’ लिहितात. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा होकार तोंडी, पालकांच्या समोर घ्यायचा आणि नोंदवायचा. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी घ्यायचा. नियम आहेत, ते प्रत्यक्षात कुठे घसरतात हे पाहायचं तर एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जावं लागेल.

समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेत पाचवी ते आठवीच्या १२० मुलींवर लोहाच्या गोळ्यांचा अभ्यास करायचा आहे. सरकारी कार्यक्रमात १० ते १९ वयोगटाला आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आठवड्याला एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन जास्त वाढतं का, हा संशोधनाचा प्रश्न. अर्ध्या मुलींना एक गोळी, अर्ध्यांना दोन, सहा महिने. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकीचं ३ मिली रक्त.

पहिली चूक वेळ निवडताना होते. संशोधकाला ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचा वाटतो, कारण निधी तेव्हा हातात पडलेला असतो. पण दिवाळीनंतर या भागातले कितीतरी पालक कामासाठी बाहेर पडतात, काही ऊसतोडीला, काही बांधकामावर. मग मुली शाळेत आणि आईबाप दोनशे किलोमीटरवर. अशा वेळी सह्या ‘मिळवाव्या’ लागतात, आणि त्या कोणाच्या तरी हातून मिळतात. खरं तर पालक स्वतः शाळेच्या दारात येतात ते जूनमध्ये मुलीला सोडायला आणि दिवाळीच्या सुट्टीत न्यायला. जूनमध्ये माहिती द्यायची, माहितीपत्रक घरी न्यायला द्यायचं आणि पुढच्या भेटीत किंवा पाड्यावर जाऊन संमती घ्यायची, असं वेळापत्रक संशोधनाच्या आराखड्यातच लिहायला हवं. मध्ये निदान एक रात्र तरी जायला हवी. घरात बोलणं होतं ते रात्री, आणि आजीचं मत तेव्हाच कळतं.

दुसरी चूक भाषेची. आपल्याकडची बहुतेक माहितीपत्रकं कार्यालयीन मराठीत असतात: ‘सदर संशोधनातील आपल्या पाल्याचा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेऊ शकता.’ वाक्यात चूक नाही. पण ज्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, आणि जिच्या घरात पावरी किंवा भिली बोलतात, तिला यातून एवढंच कळतं की हा सरकारी कागद आहे. ‘ऐच्छिक’ हा शब्द तिने ऐकला असलाच तर शाळेतल्या विषयांच्या संदर्भात. तेच असं म्हणता येतं: ‘तुमच्या मुलीला यात घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. आज हो म्हणालात आणि उद्या मन बदललं, तर फक्त सांगा. का, म्हणून कोणी विचारणार नाही.’ आणि हे मराठीतून नव्हे, तिच्या बोलीतून सांगायला हवं. मराठी पत्रक बोलीत उतरवल्यावर दुसऱ्याच माणसाकडून ते पुन्हा मराठीत आणून पाहावं. ‘दुष्परिणाम’चं ‘आजार’ झालेलं किंवा ‘तपासू’चं ‘बरं करू’ झालेलं तेव्हा सापडतं.

पालकांशी बोलताना क्रमाला फार महत्त्व आहे. सगळ्यात आधी सांगायचं ते हे की हा उपचार नाही. पांढरा कोट, सुई, गोळी हे सगळं दिसल्यावर कोणताही पालक धरून चालतो की डॉक्टर मुलीला बरं करायला आलेत. हा गैरसमज दूर न करता घेतलेली सही दुसऱ्याच कुठल्या गोष्टीसाठी दिलेली असते. म्हणून पहिलं वाक्य असं हवं: ‘सरकारची निळी गोळी तुमच्या मुलीला मिळतच राहील, ती यात आली तरी आणि नाही आली तरी. आम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती शोधायला आम्ही आलोय.’

त्यानंतर मुलीच्या शरीराला काय होणार ते. रक्ताच्या बाबतीत शब्द पुरत नाहीत, वस्तू दाखवावी लागते. जांभळ्या झाकणाची रिकामी ट्यूब आणि चहाचा चमचा पालकांच्या हातात द्यावा, ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाणी भरून ते चमच्यात ओतावं. चमचा ५ मिलीचा, रक्त ३ मिली; चमचा अर्ध्याहून थोडासाच वर भरतो. तीस किलोच्या मुलीच्या अंगात दोन लिटरहून जास्त रक्त असतं, हेही तेव्हाच सांगावं. ‘रक्त काढून विकतात’ ही भीती गावोगाव आहे. तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणाऱ्याला ती भीती दूर करता येत नाही. उरलेल्या रक्ताचं काय करणार, कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, कधी नष्ट करणार, हे सांगितलं की ती बरीचशी विरते. गोळीने पोटात मळमळेल, कधी दुखेल, शौचाला काळी होईल. हे शेवटचं आधी सांगितलं नाही तर आठवड्याभरात घाबरलेले फोन येतात, आणि ते रास्तच असतात.

मग चिठ्ठीची गोष्ट. ‘यादृच्छिक विभागणी’ हा शब्द पालकांपुढे उच्चारूही नये. ‘कोणाला एक आणि कोणाला दोन, हे मी ठरवत नाही, मुख्याध्यापक ठरवत नाहीत, तुम्हीही ठरवू शकत नाही. चिठ्ठी टाकून ठरतं.’ यावर हुशार पालक हमखास विचारतात, ‘मग जी चांगली आहे तीच सगळ्यांना का देत नाही?’ हा प्रश्न आला की समजून घ्यावं, माहिती पोचायला लागली आहे. उत्तर प्रामाणिक हवं: कोणती चांगली ते अजून माहीत नाही, दोन गोळ्यांनी रक्त जास्त वाढेल, किंवा नुसतंच पोट जास्त बिघडेल. संशोधकाला मनातून उत्तर आधीच माहीत असेल, तर त्याने चिठ्ठी टाकूच नये.

शेवटी येतो नकाराचा भाग, आणि आश्रमशाळेत सगळ्यात नाजूक जागा हीच. ‘नाही म्हटलं तर काही नुकसान नाही’ एवढं मोघम सांगून भागत नाही. पालकांच्या मनातली भीती नेमकी असते: मुलीचं नाव कमी करतील का, पुढच्या वर्षी प्रवेश देतील का, धाकट्याला घेतील का, दाखला अडवतील का. एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. आणि ते सांगताना मुख्याध्यापक खोलीत नसावेत. कोण नाही म्हणालं हे त्यांना कळणार नाही, अशी व्यवस्थाही खरोखर करावी लागते. नकार दिलेल्या मुलींना रक्त घेण्याच्या दिवशी वर्गात एकट्या बसवून ठेवलं, तर नाव न सांगताही सगळ्यांना कळतं. त्या दिवशी सगळ्याच मुलींची वजन-उंची घेतली आणि एकेकीला आत बोलावलं, तर आत काय झालं हे बाहेर उमटत नाही. अर्थात नकार दिलेल्या घरची हरकत वजन-उंचीलाही असेल, तर ती मुलगी आत जाऊन नुसती बसून परत येईल.

एवढं झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारलं की सारं वाया जातं. आपल्याकडे शिकलेल्या माणसाने असं विचारल्यावर ‘हो साहेब, समजलं’ याशिवाय दुसरं उत्तर दिलं जात नाही. त्याऐवजी असं म्हणावं, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर शेजारणीने विचारलं की शाळेत कशाला बोलावलं होतं, तर तुम्ही काय सांगाल?’ उत्तरात चार गोष्टी येतात का ते ऐकावं: हा अभ्यास आहे, रक्त दोनदा घेणार, गोळ्या किती हे चिठ्ठीवर, आणि नाही म्हणता येतं. एखादी सुटली तर तेवढीच पुन्हा सांगावी, सगळं पत्रक पुन्हा वाचू नये. दोनदा सांगूनही ‘मुलीचं रक्त वाढवायचं औषध देणार’ एवढंच येत असेल, तर त्या दिवशी सही घेऊ नये.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी साक्षीदार लागतो, आणि तो सुरुवातीपासून संपूर्ण बोलणं ऐकत बसलेला असावा लागतो. अंगठ्याच्या वेळी कॉरिडॉरमधून हाक मारून आणलेला शिपाई हा साक्षीदार नव्हे. तो संशोधकांचा माणूस नसावा आणि शाळेचाही नसावा. पाड्यावरची बचतगटातली बाई, वाचता येणारा नातेवाईक, कोणीही चालेल. अंगठा पालकांचा, सही आणि तारीख साक्षीदाराने स्वतःच्या हाताने घालायची, आणि संमतीपत्राची एक प्रत पालकांकडे राहायची. पालकांची त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं द्यावं, तो त्यांचा हक्क आहे. मात्र ही रक्कम एथिक्स कमिटीने आधी पाहिलेली असावी आणि नकार देणाऱ्यालाही मिळावी, कारण तोही तेवढाच वेळ खर्चून आलेला असतो.

आता मुलगी. तिच्याकडे नेहमी पालकांनंतर जायचं. आईवडिलांनी नाही म्हटलं तर मुलीला विचारायचं नाही, आणि त्यांनी हो म्हटलं म्हणून मुलीला गृहीत धरायचं नाही. वर्गात उभं राहून ‘कोण कोण भाग घेणार? हात वर करा’ असं विचारणं हा होकार घेण्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे; सगळे हात वर होतात. मुलीला एकटीला, आई दिसेल पण बाई दिसणार नाहीत अशा ठिकाणी बसवून विचारावं. दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: ‘तुझ्या हातातून सुईने थोडं रक्त काढू, मुंगी जोरात चावल्यासारखं दुखेल. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. आई हो म्हणाली आहे, पण तुला नको असेल तर आम्ही काढणार नाही, आणि कोणी रागावणार नाही.’ ‘अजिबात दुखत नाही’ हे खोटं तिला सुई टोचताक्षणी कळतं, आणि दुसऱ्या वेळी ती येत नाही. तेरा-चौदाच्या मुलीला चिठ्ठीची आणि उरलेल्या रक्ताची गोष्टही सांगायची; तिच्यासाठी लेखी होकारपत्र असतं आणि ते आईच्या संमतीपत्राची छोटी नक्कल असू नये.

नकार बहुतेक वेळा शब्दांत येत नाही. मुलगी हात पाठीमागे नेते, ओढणीचं टोक पिळते, आईकडे पाहते, मान हलवते पण ती कोणत्या बाजूला ते नक्की कळत नाही. गप्प बसणं हा होकार नाही. अशा वेळी आई म्हणते, ‘लाजते ती, काढा तुम्ही.’ इथे संशोधकाने थांबायचं असतं. आजाराचा जो उपचार फक्त या संशोधनातच मिळू शकतो आणि मुलाला त्याची गरज आहे, तिथे पालकांचा शब्द मुलाच्या नकारावर मात करू शकतो. पण लोहाच्या गोळीचा अभ्यास तसा नाही. इथे मुलीचं ‘नको’ हे शेवटचं. आणि होकार एकदाच घेऊन संपत नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा रक्त काढताना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

एक फसवी वाट इथे सांगायलाच हवी. या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे, आणि हातात १२० मुलींचं रक्त आहे म्हटल्यावर ‘उरलेल्या नमुन्यावर सिकलसेलही पाहून घेऊ’ हा विचार संशोधकाच्या मनात येतोच. हेतू चांगला असतो. पण हिमोग्लोबिनचा आकडा सहा महिन्यांत बदलतो, वाहक असल्याचा शिक्का जन्मभर राहतो. तो गावात फुटला की मुलीच्या लग्नापर्यंत पोचतो, जरी वाहक स्वतः सहसा आजारी नसते. पालकांनी लोहाच्या गोळीला हो म्हटलं होतं, या माहितीला नाही. ती हवी असेल तर स्वतंत्र प्रश्न, स्वतंत्र संमती आणि निकाल समजावून सांगणारं माणूस हवं. आणि नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवणार असाल, तर मुलगी अठराची झाल्यावर तिला स्वतःला पुन्हा विचारावं लागेल.

एवढं सगळं केलं तर आदिवासी मुलांवरचं संशोधनच थांबेल, आणि त्यांच्यासाठी काय उपयोगी हे कधी कळणारच नाही, असा आक्षेप अनुभवी मंडळींकडून येतो. तो गंभीर आहे, म्हणून हिशेब मांडू. पालकांना एकत्र बसवून माहिती दिल्यानंतर प्रत्येक पालकाशी वीस मिनिटं धरली, तर १२० कुटुंबांचे ४० तास होतात. बोली जाणणारी दोन माणसं रोज चार तास बसली तर पाच दिवस. सहा महिन्यांच्या अभ्यासात हे पाच दिवस आणि दोन माणसांचा मेहनताना, एवढीच वाढ आहे. काही घरं नाही म्हणतील म्हणून १२० हव्या असतील तर १५० कुटुंबांना विचारायची तयारी ठेवावी लागेल, म्हणजे आणखी दहा तास. हे अंदाजपत्रकात आधी लिहिलेलं नसतं, म्हणूनच शेवटी वेळ उरत नाही आणि अधीक्षकांची सही आठवते.

एथिक्स कमिटीच्या सदस्यांनी फाइल मंजूर करून थांबू नये, एकदा शाळेत जाऊन कागदांची पेटी उघडावी. १२० संमतीपत्रांवर एकच तारीख असेल, तारखेचं अक्षर एकाच हाताचं असेल, अंगठ्यांशेजारी तीच दोन साक्षीदारांची नावं फिरत असतील, तर काय झालं ते सांगायला साक्षीपुराव्याची गरज नाही. आणि सगळ्यात आधी नकाराची वही मागावी. किती घरांना विचारलं, किती जण नाही म्हणाले, किती मुलींनी आई हो म्हणाल्यावरही हात मागे घेतला. त्या वहीत एकही नोंद नसेल, तर संमतीपत्रं कितीही नीट भरलेली असोत, त्या शाळेत अभ्यास पुढे नेण्याआधी पालकांना पुन्हा बोलवायला सांगावं.